मागच्या गेटची हजेरी

माझ्या नावापुढचा लाल रंग मी हातानं काढला, बाकीच्या सहा जणांचा तसाच ठेवला आणि यादी पाठवून दिली. आयुष्यात गाढवपणा मी पुष्कळ केला आहे आणि त्यातला बराचसा रंगवून सांगून लोकांना हसवलंही आहे. हा किस्सा सांगताना मात्र कुठं हसायचं ते मला अजून सापडलेलं नाही. तरी सांगतो.

मच्छेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत मी टाइम ऑफिसला आहे. फौंड्रीत बिडाचे सुटे भाग ओतले जातात, आणि ते ओतणारी माणसं कधी आली, कधी गेली याचा हिशेब माझ्याकडे. दोन गेटांवर दोन पंचिंग मशीनं. पुढच्या गेटावरचं बोट बघतं. मागच्या गेटावरचं चेहरा बघतं, कारण तिथनं फेटलिंगचे सहा जण येतात. फेटलिंग म्हणजे ओतून निघालेल्या मालाच्या कडा ग्राइंडरवर घासून साफ करायच्या. वर्षानुवर्षं ते करून त्यांची बोटं अशी गुळगुळीत झालेली की बोटाचं मशीन त्यांना माणसात धरायलाच तयार नव्हतं.

पूर्वी मी महिनाअखेरीस दोन्ही मशीनला पेन ड्राइव्ह लावून नोंदी उतरवून घ्यायचो, एक्सेलमध्ये जुळवत बसायचो, आणि दारात भांडणाऱ्यांची रांग लागायची. "मी आलतो की, मग गैरहजर कसा?" त्या रांगेला कंटाळून मी रोज संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून एक प्रोग्रॅम लिहिला. कॉम्प्युटरनंच ठरल्या वेळी वायरीवरून दोन्ही मशीनशी बोलायचं, नोंदी ओढून घ्यायच्या, आणि ज्याची येण्याची किंवा संध्याकाळी जाण्याची नोंद नाही त्याचं नाव लाल करून यादी पर्सोनेल मॅनेजरना मेल करायची. दिवसातून तीन वेळा: सकाळी साडेआठ, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. बटण दाबायलाही माणूस नको.

पहिली यादी आपोआप गेली त्या दिवशी मी पेढे वाटले. मॅनेजर निपाणीकडचे, तोलून बोलणारे. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "चुकायचं नाही ना हे?"

मी म्हणालो, "सर, माणूस खोटं बोलतो. मशीन बोलत नाही."

हे वाक्य मला इतकं आवडलं की त्या आठवड्यात मी ते कँटीनमध्ये, बसमध्ये आणि एका साखरपुड्यातही म्हणालो.

फेटलिंगमध्ये सगळ्यात वयस्क होते येळ्ळूरचे अण्णा. मी शेजारच्या गावचा, लहानपणापासून ओळखतात, त्यामुळे सगळा कारखाना मला 'सायेब' म्हणाला तरी अण्णा 'काय रं' म्हणायचे. कंत्राटदाराच्या पटावर त्यांची नऊ वर्षं गेली होती. त्या वर्षी कंपनी चार जणांना आपल्या पटावर, म्हणजे कायम करून घेणार होती, आणि अण्णांचं नाव पहिलं असणार हे सगळे धरून चालले होते. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. त्यांना शेवटी कंपनीचं ओळखपत्र पाहिजे होतं. "कंत्राटदाराचं नको रं, कंपनीचं. सूनबाईला दाखवायचं हाय," असं ते हसत सांगायचे, पण सांगायचे रोज.

कायम करताना बघणार होते मागच्या तीन महिन्यांची हजेरी. माझी हजेरी. त्यातल्या पहिल्याच महिन्यात फेटलिंगचे सहाही जण लाल दिसायला लागले. रोज नाही, मंगळवारी आणि शुक्रवारी. संध्याकाळी जाण्याची नोंद आहे, सकाळी येण्याची नाही.

मॅनेजरांनी यादीवर पेन्सिल टेकवली. "वार बघून गुण दाखवतायत. सव्वाआठनंतर आलं तर अर्धा दिवस जातो. म्हणून हे उशिरा येतात, मशीनपुढं उभेच राहत नाहीत, गुपचूप आत शिरतात. जाताना मात्र साळसूदपणे पंच करतात. आठवड्यातनं दोनदा रानातली कामं उरकून येत असणार."

मला हे पटलं. पटलं म्हणजे काय, माझ्या प्रोग्रॅमनं चोर पकडले याचा मला आनंदच झाला.

पद्धत अशी होती की पंच राहिला तर एक चिठ्ठी भरून द्यायची. छापील चिठ्ठी, कारणाच्या जागी आधीच छापलेलं: 'मी पंच करण्यास विसरलो आहे.' खाली सही. चिठ्ठी दिली की लाल नाव पिवळं व्हायचं. नाही दिली की महिन्याला तीनपेक्षा जास्त लाल झाल्यावर मेमो. पाच जणांनी मुकाट्यानं सह्या केल्या. अण्णा चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलाशी आले. चष्मा लावून त्यांनी ती दोनदा वाचली.

"ह्यात लिवलंय, विसरलो."

"होय अण्णा. सही करा, झालं."

"पर मी विसरलो न्हाय."

"पद्धत आहे ही नुसती."

"तोंड दावलं. मशीन थँक्यू म्हणालं. मग आत गेलतो. विसरलो कुठं?"

"नोंद नाही ना आली."

"मग तुझं मशीन विसरलं आसंल. त्याची सही घे."

टेबलाजवळचे दोघे-तिघे हसले. मला राग आला. अण्णांनी चिठ्ठी घडी न करता परत ठेवली आणि म्हणाले, "रं, मशीनमंदी जाऊन बघ की. त्येच्या पोटात आसंल."

आता ही गोष्ट अगदी खरी होती. पंचिंग मशीन आपल्या पोटात सगळ्या नोंदी ठेवतं. ओढून घेतल्या म्हणून त्या तिथनं जात नाहीत. मागच्या गेटावर जाऊन, ॲडमिनचा पासवर्ड टाकून, अण्णांचा नंबर दाबला असता तर समोर दिसलं असतं. माझ्या खुर्चीपासून तिथवर चालत पाच मिनिटं. वाटेत वाळूचे ढीग, ऊन, धूळ. मी म्हणालो, "कॉम्प्युटरवर सगळं दिसतं अण्णा. तिकडं जायची गरज नाही."

अडीच महिने मी त्या पाच मिनिटांची बचत केली.

अण्णांना पहिला मेमो मिळाला, मग दुसरा. मागच्या गेटावरच्या वॉचमनलाही ताकीद गेली, की न पंच करता माणसं आत सोडतोस. वॉचमन सौंदत्तीकडचा, कानडीतनं मराठीत उतरत बोलणारा, साधा माणूस. ताकीद वाचून तो घाबरला. आणि त्यानंतर गंमत अशी झाली की यादीत अमावास्या आणि पौर्णिमाही लाल व्हायला लागल्या. मॅनेजर म्हणाले, "बघा, ताकीद दिली तर वाढलं." मी मान हलवली. हा पंचांगाचा काय प्रकार आहे, असं एका क्षणासाठीही माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात माझं ते वाक्य होतं, त्याच्याशेजारी दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

तिसऱ्या महिन्यातल्या एका शुक्रवारी माझी गाडी मागच्या रस्त्यावर पंक्चर झाली. पंक्चरवाल्याकडं ती टाकून मी पहिल्यांदाच मागच्या गेटनं आत आलो. अण्णा माझ्यापुढं चार पावलं होते. त्यांनी टोपी काढून तोंड दाखवलं. मशीन म्हणालं, 'थँक यू.' मागं वळून ते मला म्हणाले, "ऐकलंस न्हवं?"

माझाही चेहरा त्या मशीनमध्ये होता, बसवताना चाचणीसाठी मीच घातलेला. मी उभा राहिलो. 'थँक यू.' आठ वाजायला पाच-दहा मिनिटं कमी असतील.

बारा वाजता यादी तयार झाली. वरून सातवं नाव माझं होतं. लाल.

त्या क्षणी एखाद्या शहाण्या माणसानं काय केलं असतं? उठून ओरडला असता की अहो, हे सगळे आलेले आहेत, मी डोळ्यांनी बघितलंय. मला घाम फुटला तो वेगळ्याच कारणानं. यादी मॅनेजरांकडं जाणार आणि ती करणाऱ्याचंच नाव त्यात लाल. त्या दिवशी नेमकी सकाळपासनं मेलची सेवा अडकलेली, म्हणून साडेआठची यादीही गेली नव्हती आणि ही माझ्या स्क्रीनवरच थांबली होती. मी नोंदींचा तक्ता उघडला, माझ्या नंबरापुढं हातानं सात पंचावन्न टाकले, यादी परत काढली. मी पांढराशुभ्र झालो. मेल सुरू झाल्यावर उरलेली सहा लाल नावं मीच पाठवून दिली. सोमवारी निवांत बघू काय भानगड आहे, असं मनाशी म्हणालो, आणि डबा खाल्ला. भेंडीची भाजी होती, बरी झाली होती.

शनिवारी कायम करायच्या माणसांची बैठक होती. हे मला माहीत होतं. 'माहीत नव्हतं' असं मी पुढं काही जणांना सांगितलं, पण माहीत होतं. शुक्रवारची यादी त्या बैठकीत कागदांच्या सगळ्यात वर होती.

सोमवारी मी मागच्या गेटावर गेलो. सगळं ठीक. मशीन चालू, वायर जागेवर. कॉम्प्युटरवरनं नोंदी येत होत्या. मी डोकं खाजवत परत आलो. मंगळवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी परत गेलो, आणि दोन मिनिटांत सगळं समजलं.

वॉचमनच्या खोपटात यल्लम्माची तसबीर होती. तिच्याभोवती रंगीत दिव्यांची माळ लुकलुकत होती. बोर्डावर दोनच पिना लावायची सोय. एकीत पंचिंग मशीन, दुसरीत नेटवर्कच्या वायरी एकत्र येतात ती छोटी डबी. वॉचमन देवीच्या वारी, म्हणजे मंगळवारी आणि शुक्रवारी, डबीची पिन काढून तिथं माळ लावायचा. दहाच्या सुमाराला उदबत्ती विझली की माळ काढून डबी परत जागेवर. मशीनला त्यानं कधी हात लावला नव्हता, ते बिचारं चालूच असायचं, तोंडं बघायचं, थँक यू म्हणायचं, नोंदी पोटात ठेवायचं. फक्त साडेआठला माझ्या कॉम्प्युटरनं हाक मारली की त्याला ती ऐकू जायची नाही.

"ही माळ कधीपासनं?" मी विचारलं.

"दीपावली झाल्यापास्नं, सर. मंगळवार, शुक्रवार. आता ते लेटर आलं न्हवं, भ्या वाटलं. मग अमाशा, पुनव बी लावतो. आईनं सांभाळून घ्यावं म्हणून."

तो संकट टळावं म्हणून दिवे लावत होता आणि त्या दिव्यांनीच संकट वाढत होतं. पण खरा दोष त्याचाही नव्हता आणि देवीचाही. बारा वाजता डबी चालू असायची, मशीन हाकेला ओ द्यायचं, सकाळच्या नोंदी पुढं करायचं. त्या घेत नव्हता तो माझा प्रोग्रॅम. त्याच त्याच नोंदी दोनदा येऊ नयेत म्हणून मी एक वेळ लिहून ठेवत होतो: शेवटची घेतलेली नोंद अमुक वाजताची, आता त्यापुढच्याच घ्यायच्या. ही वेळ प्रत्येक मशीनची वेगळी ठेवायला पाहिजे होती. मी दोघांना मिळून एकच ठेवली होती. साडेआठला पुढच्या गेटानं आठ पंचवीसपर्यंतच्या नोंदी दिल्या की खूण आठ पंचवीसला जायची. बाराला मागचं गेट पावणेआठचे अण्णा घेऊन यायचं, आणि माझा प्रोग्रॅम म्हणायचा, हे जुनं आहे, नको. आणि मशीननं साडेआठला ओ दिली नाही हे तरी ओरडून सांगावं? तेही नाही. 'एखादं मशीन लागलं नाही तर सोडून पुढं जा' हेसुद्धा मीच लिहिलेलं, यादीला उशीर होऊन माझी शोभा होऊ नये म्हणून.

दुपारपर्यंत मी सगळं दुरुस्त केलं. प्रत्येक मशीनची खूण वेगळी, मशीन लागलं नाही तर त्या गेटाच्या माणसांना लाल न करता वर मोठ्या अक्षरात इशारा. मग मागच्या मशीनच्या पोटातल्या तीन महिन्यांच्या सगळ्या नोंदी परत ओढल्या. अण्णांची एकही सकाळ रिकामी नव्हती. सात अठ्ठेचाळीस, सात सेहेचाळीस, सात एकोणपन्नास. नऊ वर्षं एकाच बसनं येणाऱ्या माणसाची वेळ इकडची तिकडं होते तरी किती?

छापील कागद घेऊन मी मॅनेजरांपुढं उभा राहिलो. त्यांनी शांतपणे पानं चाळली.

"यादी शनिवारी वर गेली," ते म्हणाले. "चार नावं ठरली. तुमच्या अण्णांचं नाही. नुसतं तेवढंच नाही, तीन महिने फसवाफसवी केली म्हणून कंत्राटदाराला माणूस बदलायला सांगितलंय. कालपासनं त्यांना आत घेतलेलं नाही."

"पण सर, चूक माझी होती. वर कळवू या. नाव परत घालता येईल."

"येईल की." त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. "आधी हे सांगा. शुक्रवारी तुमची नोंद दोनदा कशी? एक सात एकोणपन्नास आणि एकेचाळीस सेकंद, मागचं मशीन. आणि एक सात पंचावन्न, सेकंद शून्य. ही कुठल्या मशीनची?"

हातानं टाकलेल्या नोंदीपुढं मशीनचा नंबर नसतो. हे मला सुचलं नव्हतं, त्यांना दिसलं.

"म्हणजे शुक्रवारी तुम्हाला कळलं होतं," ते म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. "हे कागद वर गेले तर सगळेच जातील. ही दुसरी ओळसुद्धा. मग हजेरीत हात घालणारा माणूस टाइम ऑफिसला कसा, हा प्रश्न येईल. आणि मी इतके दिवस काय बघत होतो, हासुद्धा येईल. मी काही सांगत नाही. कागद तुमच्या हातात आहेत. ठरवा."

मी ठरवलं. टेबलाशी येऊन सात पंचावन्नची ओळ खोडली. कागद खणात टाकले. पाच जणांच्या चिठ्ठ्या होत्याच, त्यांना काही झालं नाही. ते 'विसरले' होते ना. वॉचमनला मी एक एक्स्टेन्शन बोर्ड आणून दिला. तो म्हणाला, "देव तुमचं भलं करो." करतोय, वाटतं. यादी आता कधीच चुकत नाही, आणि कौतुकही होतं.

दोन आठवडे मी येळ्ळूरला जायचं टाळलं. तिसऱ्या रविवारी खणातला कागद खिशात घालून गेलो. अण्णा अंगणात वेताच्या पाटीला नवी दोरी बांधत होते. आत काकू चुलीशी असाव्यात, भांडी वाजत होती. मी कागद पुढं केला. "अण्णा, तुमचं बरोबर होतं. सगळ्या सकाळी सापडल्या. एकही चुकलेली नाही."

त्यांनी कागद घेतला नाही. नुसता बघितला.

"हे मला कशाला दावतासा? मी आलतो हे मला ठावं हाय."

'दावतासा.' जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला तुम्ही केलं होतं.

"साहेबांना दाखवला," मी म्हणालो.

"मग?"

"यादी वर गेलती म्हणाले."

"आन् तुमी काय म्हणालासा?"

मी अंगणातल्या कोंबड्या बघितल्या. तीन होत्या. पाटीची दोरी करकचून ओढत अण्णा वाट बघत राहिले. आतनं काकूंनी विचारलं, "कोण आलंय ओ? च्या टाकू का दोघास्नी?"

"एकच टाक गं," अण्णा म्हणाले. "हे सायेब निघालेत."